अंगठा कोणाचा, फोन कोणाचा?

18 सप्टेंबर 2025 या दिवशी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी महिलांना ई-केवायसी बंधनकारक झाली. ladakibahin.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर बाईने आधी आपला आधार क्रमांक टाकायचा, संमती द्यायची, मग तिच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. एवढ्याने भागत नव्हतं. पुढच्या टप्प्यावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही द्यायचा होता. म्हणजे एका बाईच्या महिना 1500 रुपयांसाठी दोन माणसं आणि दोन मोबाइल नंबर एकाच वेळी हाताशी हवेत. शिकलेल्या, शहरातल्या घरात हे पाच मिनिटांचं काम. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांत मात्र त्याची वेळच अवघड होती. सप्टेंबरात तिथे अतिवृष्टीने शेतं वाहून गेली होती. 1 नोव्हेंबरला गाळप हंगाम सुरू होणार असल्याने ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडत होत्या. टोळीबरोबर घरातला फोनही निघून जातो.

ज्या बाईला वाचता येत नाही, तिचा अर्ज दुसरं कोणीतरी भरतं. मुलगी भरते, पुतण्या भरतो, अंगणवाडी सेविका भरते, नाहीतर सेवा केंद्रातला मुलगा भरतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचंही तेच. यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या वतीने अर्ज भरणारा माणूस नेमकं काय करत असतो, कोणाची संमती देत असतो आणि ओटीपी कोणाच्या फोनवर मागवत असतो, याचा विचार सहसा पैसे अडकल्यावरच होतो.

एक घर

पाथर्डी तालुक्यातल्या वाडीवरचं एक घर समजा. बाई पन्नाशीची, शाळेत कधी गेलेली नाही. गुडघे गेल्यामुळे दोन वर्षांपासून तोडीला जात नाही. मुलगा आणि सून असा एक कोयता, आणि सोबत बाईचा नवरा अर्धा कोयता म्हणून कोल्हापूर भागातल्या कारखान्यावर गेलेले. घरात बाई आणि दोन नातवंडं. शेजारच्या घरात दिराची मुलगी बारावीला आहे. अर्ज भरायचं काम तिच्याकडे येतं.

पोरीने संध्याकाळी काकीचं आधार कार्ड घेतलं आणि पान उघडलं. पहिली अडचण पहिल्याच पायरीला आली. काकीच्या हातातल्या साध्या फोनवर ओटीपी येईना. काकी म्हणते, नंबर हाच आहे. पण रोज वापरतो तो नंबर आणि आधारला जोडलेला नंबर एकच असेल असं नाही. आधार काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, त्यामुळे मुलाचा नंबर दिलेला असतो. काही वेळा नोंदणी करणाऱ्यानेच आपला नंबर टाकून दिलेला असतो. काही वेळा ते सिमच बंद पडलेलं असतं. बंद झालेला नंबर मोबाइल कंपनी 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तसं झालं असेल तर काकीचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असतो.

हे तपासायला ओटीपी लागत नाही. यूआयडीएआयच्या myAadhaar या संकेतस्थळावर आधार वैध आहे का हे पाहण्याची सोय आहे. तिथे आधार क्रमांक टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे 3 अंक दिसतात. पोरीने ते पाहिलं. शेवटचे अंक काकीच्या मुलाच्या जुन्या नंबराचे निघाले. तो नंबर सुदैवाने चालू होता, पण तो कोल्हापूरला होता. म्हणजे काकीचा ओटीपीही कोल्हापूरला आणि नवऱ्याचा ओटीपीही कोल्हापूरला.

आधारचा ओटीपी 10 मिनिटं चालतो. टोळी पहाटे फडात जाते, तेव्हा फोन कोपीवर राहतो, नाहीतर गाडीवर. दुपारी फोन लावला तर उचलला जाईलच असं नाही. म्हणून अशा घरात अर्जाची वेळ आधी ठरवावी लागते. पोरीने मुलाला निरोप दिला, 'दादा, आज आठ वाजता दोघंही कोपीवर थांबा. मी फोन लावल्याशिवाय नंबर कुणाला सांगू नका.' आठ वाजता एका फोनवर बोलणं चालू ठेवून दुसऱ्यावर आलेले अंक वाचून घेतले आणि काम झालं. दोन्ही ओटीपी एकाच फोनवर येत असतील तर गोंधळ उडतो. तेव्हा संदेशातले आधारचे शेवटचे 4 अंक पाहायचे. ओटीपी कोणाचा आहे ते त्यावरून कळतं.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या वाड्यांवर अडचण वेगळी. तिथे माणूस घरीच असतो, फोनही घरीच असतो, पण रेंज नसते. संगणक राजूरला आणि फोन रेंज मिळेल त्या टेकाडावर ठेवून दहा मिनिटांचा मेळ बसत नाही. तिथे फोन आणि फोनचा मालक या दोघांनाच संगणकापाशी न्यावं लागतं.

'नाही' म्हणाली, 'होय' दाबायचं

ओटीपी जुळले की पुढे जाहीर कबुली येत होती. कुटुंबातलं कोणी सरकारी, निमसरकारी नोकरीत कायम नाही किंवा निवृत्तिवेतन घेत नाही, हे एक विधान. कुटुंबातली एकच विवाहित आणि एकच अविवाहित महिला लाभ घेते आहे, हे दुसरं. पहिलं विधान नकारार्थी आणि उत्तर होय किंवा नाही. घरातल्या बोलण्यात हा संवाद असा होतो:

'काकी, आपल्यात कुणी सरकारी नोकरीला आहे का?'

'नाही गं बाई, कुठली नोकरी!'

पोरगी 'नाही' दाबते, आणि कागदोपत्री घरात सरकारी नोकरदार निघतो. काकीने खरं सांगितलं. पोरीनेही मनापासून भरलं. तरी उत्तर उलटं गेलं. असं राज्यात इतक्या ठिकाणी घडलं की जानेवारी 2026 मध्ये महिला व बालविकास विभागाला अंगणवाडी सेविकांमार्फत घरोघरी प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगावं लागलं.

यावरून दुसऱ्यासाठी अर्ज भरण्याची एक साधी रीत ठरवता येते. प्रश्न आपल्या शब्दांत सांगून त्याचं उत्तर थेट दाबायचं नाही. पडद्यावरचं वाक्य आहे तसं वाचायचं, मग त्याचा अर्थ सांगायचा आणि मग विचारायचं, 'हे वाक्य खरं आहे का खोटं?' काकी म्हणते, 'खरं आहे.' मग 'होय'. दोन वाक्यांना मिळून एक मिनिट जास्त लागतं.

संमतीची चौकटही याच रीतीने वाचावी लागते. 'मी सहमत आहे' या खुणेमागे मजकूर असतो. आधार क्रमांकावरून ओळख पडताळण्याची आणि ती माहिती त्या कामासाठी वापरण्याची परवानगी त्यात दिलेली असते. तो मजकूर बहुतेक शिकलेली माणसंही वाचत नाहीत. स्वतःसाठी न वाचता खूण करणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दुसऱ्याच्या वतीने खूण करणाऱ्याला ती सूट नाही, कारण सहमत होणारी व्यक्ती वेगळी आहे. सगळा कायदा समजावून सांगायची गरज नसते. हे कशासाठी चाललंय, आपली कोणती माहिती कोणाकडे जाणार आणि आपण नको म्हटलं तर काय बंद पडेल, इतकं सांगावं आणि मग 'आता तू मला सांग, आपण काय करतोय?' असं विचारावं. काकीने स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर ती संमती. नुसती मान डोलावली तर पुन्हा सांगावं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये मिळण्याचा पर्याय द्यायला सांगतो. मराठी त्यात आहे. पण वाचता न येणाऱ्या बाईला मराठी मजकूरही कोणीतरी वाचून दाखवल्याशिवाय पोहोचत नाही.

कागदावर तीन माणसं होती

लिहिता न येणारी माणसं महाराष्ट्रात शतकानुशतकं दस्तऐवज करत आली आहेत. जुन्या मराठी कागदांवर पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो, कुळकर्ण्याची लेखणी असते, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या खुणा असतात. मजकूर लिहिणारा वेगळा, निशाणी करणारा वेगळा आणि साक्षीदार वेगळे. पुढे नांगराच्या जागी अंगठा आला, पण रचना तीच राहिली. लिहिता न येणाऱ्या माणसाने केलेली खूण ही सहीच, हे 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात लिहून ठेवलेलं आहे. कागदावर अंगठा कोणाचा, लिहिलं कोणी आणि पाहिलं कोणी, ही तिन्ही उत्तरं मिळत होती.

ई-केवायसीच्या पानावर ही तीन माणसं एका ओटीपीत गडप झाली. तो ओटीपी एवढंच सांगतो, की त्या घटकेला आधारला जोडलेला फोन कोणाच्या तरी हाताशी होता. तो हात कोणाचा, भरलं कोणी, वाचून दाखवलं का, याची नोंद नाही. 2024 मध्ये लाडक्या बहिणीचाच पहिला अर्ज 'नारी शक्ती दूत' अॅपवरून भरला गेला, तेव्हा भरणारी सामान्य महिला आहे की अंगणवाडी सेविका, हे आधी निवडावं लागत होतं. अर्जासोबत बाईच्या सहीचं किंवा अंगठ्याचं हमीपत्रही जोडलं जात होतं. वर्षभरात ते गेलं.

मदत करणाऱ्याची नोंद ठेवणं यंत्रणेला जमत नाही असंही नाही. मतदान केंद्रावर दृष्टिहीन किंवा विकलांग मतदारासोबत कोणी आलं, तर नियम 49 एन प्रमाणे तो सोबती किमान 18 वर्षांचा लागतो. त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती झालो नाही आणि मत गुप्त ठेवीन, असं त्याला लिहून द्यावं लागतं. त्याचं नाव नमुना 14 अ मध्ये चढतं. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी असलेल्या 'जीवन प्रमाण' अॅपमध्येही चेहरा दाखवून दाखला काढताना मदतनिसाची ओळख आधी होते. त्याला 'ऑपरेटर' म्हणतात. तो आपला आधार क्रमांक, मोबाइल आणि चेहरा देतो, मगच वृद्धाची माहिती भरता येते. घरातला मुलगा किंवा नात ऑपरेटर होऊ शकते. प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव अशा कारखान्यांच्या पट्ट्यात ईपीएस-95 चं तुटपुंजं निवृत्तिवेतन घेणाऱ्या जुन्या कामगारांच्या घरात ही पद्धत आता ओळखीची आहे. त्यात निदान कोणी कोणाला मदत केली याचा माग राहतो.

फोन कोणाचा द्यायचा?

इथे तीन नंबर वेगवेगळे असतात आणि गल्लत बहुधा त्यांतच होते. आधारला जोडलेला नंबर एक. त्यावर ओळखीचा ओटीपी येतो. बँकेत नोंदवलेला नंबर दुसरा. पैसे जमा झाले, काढले, हे संदेश त्यावर येतात. अर्जात संपर्कासाठी लिहिलेला नंबर तिसरा. अर्ज मंजूर झाला किंवा त्रुटी निघाली, हे त्यावर कळतं. अर्जात नंबर बदलला म्हणून आधारचा बदलत नाही, आणि आधारचा बदलला म्हणून बँकेचा बदलत नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे बाईच्या स्वतःच्या नावाचं सिम, मग ते साध्या फोनात का असेना. संदेश वाचता येत नसेल तर नातवंडं वाचतील, पण फोन वाजला हे तिला कळेल. ते शक्य नसेल तर जो माणूस वर्षभर तिच्यासोबत घरात राहतो त्याचा नंबर. कमावत्या मुलाचा नंबर देण्याची आपल्याकडे रीत आहे, पण टोळीबरोबर गेलेल्या किंवा नोकरीनिमित्त पुण्याला, चाकणला राहणाऱ्या मुलाचा नंबर घरातल्या आईच्या कामाचा नसतो. एकाच मोबाइल नंबरावर घरातल्या अनेकांचे आधार जोडता येतात, त्यामुळे सुनेचा नंबर आधीच वापरात आहे म्हणून अडत नाही. सेवा केंद्रवाल्याचा, एजंटाचा किंवा गावातल्या कार्यकर्त्याचा नंबर मात्र कधीच देऊ नये. ओटीपी त्याच्याकडे गेला की बाईच्या ओळखीची किल्लीच त्याच्याकडे जाते.

फोनची निवड म्हणजे पैशाची बातमी कोणाला आधी कळणार याचीही निवड असते. बँकेचा संदेश मुलाच्या फोनवर जात असेल तर आईचे पैसे आले हे मुलाला कळतं, आईला तो सांगेल तेव्हा. काही घरांत हे ठीक चालतं. काही घरांत बाईला ते नको असतं, पण तसं ती मुलासमोर बोलणार नाही. म्हणून बँकेचा नंबर ठरवताना तिला एकटीला विचारावं.

आधारचा नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, पण माणूस स्वतः लागतो, कारण बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बाहुली जुळवतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून त्याची फी 75 रुपये आहे. आधार केंद्रावर जाता येत नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन हे काम करतो. घरात कोणी अंथरुणाला असेल तर त्याला उठवून तालुक्याला नेण्याआधी पोस्टात चौकशी करावी.

अंथरुणावरच्या माणसाचं काय?

पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या सासऱ्यांचं श्रावणबाळ योजनेचं अनुदान खात्यात येतं आहे, पण ते काढणार कसं? अनेक घरांत कार्ड आणि पिन सुनेकडे असतात आणि व्यवहार सुरळीत चालतो. कार्ड नसेल, किंवा इतर मुलांनी उद्या विचारलं, की प्रश्न उभा राहतो. यासाठी रिझर्व्ह बँकेची जुनी आणि सविस्तर सूचना आहे. आजारी खातेदार सही करू शकत नसेल तर अंगठा चालतो, अंगठाही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ठसाच देता येत नसेल तर नुसती खूणही दोन साक्षीदारांसमोर चालते. पैसे कोण नेणार हे खातेदाराने सांगायचं आणि नेणाऱ्याने स्वतःची सही करायची. इथे पुन्हा तीच तीन माणसं कागदावर येतात. शिवाय 2017 च्या सूचनेनुसार 70 वर्षांवरच्या आणि अपंग किंवा आजाराने खिळलेल्या ग्राहकांना पैसे देणं-घेणं, हयातीचा दाखला घेणं अशा सेवा घरी द्यायच्या आहेत. शाखेत तोंडी विचारलं की 'अशी सोय नाही' हे उत्तर मिळू शकतं. लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली की संभाषण बदलतं.

आधारची बायोमेट्रिक दुरुस्तीच करायची असेल, तर यूआयडीएआयच्या प्रादेशिक कार्यालयाकडे डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून विनंती करता येते. घरी येण्याचे 700 रुपये लागतात, त्याच पत्त्यावर दुसरी व्यक्ती असेल तर तिचे 350. चौकशीचा फोन 1947. चेहऱ्याची पडताळणी अशा माणसांना सोपी पडेल असं वाटतं, पण कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे हे कळण्यासाठी पापणी मिटावी लागते. पक्षाघातात डोळा मिटत नसेल तर अॅप पुन्हा पुन्हा नापास करतं. अशा वेळी दहा वेळा फोन तोंडासमोर धरण्यापेक्षा बोट, बाहुली किंवा बँक अधिकाऱ्याची घरभेट हा मार्ग धरावा.

आणखी एक जागा जपायची. डिसेंबर 2024 पासून निराधार आणि श्रावणबाळचं अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात थेट यायला लागलं. एका आधारला अशा पैशासाठी एकाच वेळी एकच बँक जोडलेली असते आणि शेवटी जोडलेली बँक धरली जाते. कोणी वृद्धाचं बोट टेकवून नवं खातं उघडलं आणि आधार तिथे जोडला, तर अनुदान निमूटपणे तिकडे वळतं. 2017 मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या प्रकरणात देशभर हेच झालं होतं. ग्राहकांना नीट न कळता खाती उघडली गेली आणि गॅसचं अनुदान त्यांत गेलं. यूआयडीएआयने कंपनीचा ई-केवायसीचा परवाना काही काळ रोखला. अनुदान अचानक थांबलं तर तहसीलला धावण्याआधी myAadhaar वर बँक जोडणीची स्थिती पाहावी. बँकेचं नाव अनोळखी निघालं तर कारण सापडलं.

जिथे मदत थांबते

माणूस ऐकतो, समजतो, फक्त लिहू किंवा हलू शकत नाही, तोपर्यंत हे सगळं चालतं. तो बेशुद्ध असेल किंवा स्मृतिभ्रंशाने कशाचाच अर्थ लागत नसेल, तर त्याचा अंगठा उचलून शाईत बुडवणं ही मदत राहत नाही. मजकूर कळण्याच्या स्थितीत नाही हे माहीत असताना लबाडीने एखाद्याकडून सही किंवा निशाणी करवून घेणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 335 मध्ये खोट्या दस्ताच्या व्याख्येत येतं. आधी करून ठेवलेलं कुलमुखत्यारपत्रही इथे उपयोगी पडत नाही. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते देणारा मनाने असमर्थ झाला की संपतं. मग रस्ता न्यायालयाचा. बेशुद्ध रुग्णांसाठी उच्च न्यायालयं घरातल्या माणसाला पालक नेमतात. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेतली स्थानिक समिती पालक नेमते.

बाकी घरांसाठी एक वही पुरे. आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवायची. प्रत्येक अर्जाला चार ओळी: तारीख, कशाचा अर्ज, कोणी भरला, ओटीपी कोणत्या नंबरावर आला. खाली 'वाचून दाखवलं, समजलं' असं लिहून त्या माणसाची सही किंवा अंगठा, आणि तिथे असलेल्या एकाची साक्ष. या वहीला सरकारी मान्यता नाही. पण अर्ज उलटा गेला, पैसे दुसऱ्या बँकेत वळले किंवा भावाभावांत शब्द वाढला, तेव्हा काय झालं होतं हे सांगणारा तोच एक कागद असेल.

आणि जे निदान सरकारच्या हातात आहे ते सरकारने करावं. पुढच्या कुठल्याही ई-केवायसीच्या पानावर एक रकाना घालावा: 'हा अर्ज दुसऱ्या कोणी भरला असल्यास त्यांचे नाव, नाते आणि मोबाइल.' नमुना 14 अ मध्ये मदतनिसाची नोंद होते, जीवन प्रमाणमध्येही होते. लाडक्या बहिणीच्या पानावरही तो बसेल.